५०० लिटरची टाकी ७० अंशांवर यायला नेमका किती वेळ लागतो?

प्रश्न: आमच्या वर्कशॉपमध्ये डिग्रीझिंगची स्टीलची टाकी आहे. १ मीटर लांब, ७० सेमी रुंद, आत साधारण ५०० लिटर पाणी आणि थोडं केमिकल. वरून उघडी, बाहेरून इन्सुलेशन नाही. ९ किलोवॅटचा इमर्शन हीटर (३ किलोवॅटचे तीन एलिमेंट) आणि सतत फिरणारी ढवळणी. पाणी २५ अंशांवरून ७० वर न्यायचं असतं. हिशेबाने तीन तास येतात, प्रत्यक्षात सव्वापाच तास लागतात. ३० ते ४० ला ५५ मिनिटं आणि ६० ते ७० ला तब्बल ९५ मिनिटं. हीटरवर क्षार साचलाय म्हणून असं होतंय का? १२ किलोवॅटचा हीटर घेतला तर प्रश्न सुटेल?

उत्तर:

तुम्ही दोन टप्प्यांच्या वेळा वेगवेगळ्या दिल्यात हे फार बरं झालं. नुसते सव्वापाच तास सांगितले असते तर अंदाजच बांधावा लागला असता. या दोन आकड्यांवरून हीटर खरोखर किती देतोय आणि टाकी किती उष्णता बाहेर टाकतेय, हे दोन्ही वेगळं काढता येतं. तुमच्या तीन तासांच्या हिशेबात चूक नाही. त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्या तुमच्या टाकीला लागू नाहीत: हीटर पाटीवर लिहिल्याएवढाच चालतो, आणि टाकीतून काहीच बाहेर जात नाही.

आधी हा हिशेब कोणत्या अटीवर चालतो ते पाहू. सगळ्या टाकीचं तापमान एकच आहे असं आपण धरतो. ढवळणी चालू असल्यामुळे हे धरायला हरकत नाही: पाणी मिसळायला एक-दोन मिनिटं लागतात आणि तापायला काही तास, त्यामुळे आतल्या आत तापमानाचा फरक टिकतच नाही. तरी एकदा खात्री करून घ्या. एक थर्मामीटर पृष्ठभागाखाली १० सेमीवर धरा, दुसरा तळापासून १० सेमीवर, तोही हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात. फरक एक अंशाच्या आत असेल तर पुढचं सगळं लागू. तीन-चार अंश असेल तर आधी ढवळणी सुधारा, कारण मग कंट्रोलरवर दिसणारं तापमान हे फक्त सेन्सर जिथे आहे तिथलं असतं. ढवळणी बंद असताना गरम पाणी वर साचतं आणि हीटरच्या खालचं पाणी जवळपास थंडच राहतं. वरचा थर जास्त तापल्यामुळे वाफही जास्त जाते, म्हणजे दुहेरी नुकसान.

सगळी टाकी एक मानली की समीकरण अगदी साधं होतं. हीटर जेवढं देतो त्यातून बाहेर जाणारं वजा करा. जे उरतं तेच पाणी तापवतं.

```
C · dT/dt = P − Q(T)
```

यात `P` म्हणजे हीटर देतो ती उष्णता, `Q(T)` म्हणजे `T` तापमानाला टाकीतून बाहेर जाणारी, `dT/dt` म्हणजे तापमान वाढायचा वेग आणि `C` म्हणजे पूर्ण टाकी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. ५०० किलो पाण्याला ४.१९ ने गुणलं की साधारण २०९५ किलोज्यूल. स्टीलची टाकीही तापते. ३ मिमी पत्र्याची असेल तर ती ८५ किलोच्या आसपास भरते, पण स्टीलचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या आठव्या हिश्श्याइतकाच असल्यामुळे तिचे जेमतेम ४५ किलोज्यूल. एकूण २१४० धरू. म्हणजे दर १० अंशांना २१,४०० किलोज्यूल. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर उभा आहे, म्हणून पातळी पट्टीने मोजून लिटर पक्के करून घ्या. टाकीवर ५०० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात ती किती भरलीय ते महत्त्वाचं.

आता तुमचे दोन आकडे घेऊ. ३० ते ४० ला ५५ मिनिटं, म्हणजे ३३०० सेकंद. २१,४०० भागिले ३३०० म्हणजे ६.५ किलोवॅट. ६० ते ७० ला ९५ मिनिटं, म्हणजे ५७०० सेकंद, आणि उत्तर ३.७५ किलोवॅट. हा हीटरचा जोर नव्हे. हीटरच्या उष्णतेतून गळती, म्हणजे टाकीबाहेर जाणारी उष्णता, वजा होऊन पाण्यात जे शिल्लक राहिलं, ते हे. दोन्ही वेळा हीटर तोच, व्होल्टेजही साधारण तेच. मग ६५ अंशांच्या आसपासची गळती ३५ अंशांच्या गळतीपेक्षा पावणेतीन किलोवॅटने जास्त असली पाहिजे.

हे पटण्यासारखं आहे का, ते मोजून बघू. टाकीच्या भिंती आणि तळ मिळून पाण्याला टेकलेलं क्षेत्रफळ साधारण ३.१ चौरस मीटर येतं. उघड्या, इन्सुलेशन नसलेल्या पत्र्यातून शेडमधल्या शांत हवेत चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला साधारण ९ वॅट जातात. म्हणजे भिंतींमधून दर अंशाला २८ वॅट. बाहेर २५ अंश असताना टाकी ६५ वर असली तर १.१ किलोवॅट, ३५ वर असली तर पाव किलोवॅटच्या जरा वर.

खरी गळती वरच्या उघड्या पृष्ठभागातून होते आणि तिचा स्वभाव वेगळा आहे. भिंतींची गळती तापमानाच्या फरकाच्या सरळ प्रमाणात वाढते. वाफेची तशी वाढत नाही, कारण पाण्यावरच्या हवेत मावणारी वाफ दर १० अंशांना दीडपटीहून जास्त होते. बेताची हवा खेळत असलेल्या शेडमध्ये, वाफ, हवा आणि प्रारण सगळं धरून, चौरस मीटरमागे ३५ अंशांना अर्धा-पाऊण किलोवॅट जातो, ६५ ला सव्वातीनच्या आसपास आणि ७० ला चारच्या जवळ. तुमच्या ०.७ चौरस मीटरला ३५ अंशांवर ०.४५ आणि ६५ वर २.३ किलोवॅट. भिंतींची गळती मिळवली की एकूण ०.७ आणि ३.४. दोन्हींतला फरक २.७ किलोवॅट. तुमच्या घड्याळानेही तोच दाखवला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो: पृष्ठभागाचे आकडे परिस्थितीवर फार अवलंबून असतात. टाकीच्या डोक्यावर एक्झॉस्ट हूड जोरात ओढत असेल किंवा जवळ मोठा पंखा असेल तर ७० अंशांना चौरस मीटरमागे पाच किलोवॅट सहज जातात. हवा अगदी शांत असेल तर साडेतीनच्या आसपास. त्यामुळे कुठल्याही तक्त्यातला आकडा अंतिम मानू नका. तो ताडून घ्यायची सोपी पद्धत पुढे देतो.

आता हीटर. ३० ते ४० च्या टप्प्यात पाण्यात साडेसहा किलोवॅट उरले आणि ०.७ बाहेर गेले, म्हणजे हीटर ७.२ किलोवॅट देतोय. हा आकडा मी खालच्या टप्प्यातूनच काढतो, याला कारण आहे. तिथे गळती मुळातच लहान असते. माझा गळतीचा अंदाज ३० टक्क्यांनी चुकला तरी उत्तर जेमतेम ०.२ किलोवॅटने हलेल. वरच्या टप्प्यात तीच चूक एक किलोवॅटची होईल. म्हणून हीटर तपासायचा तो टाकी थंड असताना आणि गळती तपासायची ती टाकी गरम असताना.

नऊचा हीटर ७.२ वर का आला? क्षारामुळे नाही. हा गैरसमज सगळीकडे आहे. एलिमेंटवर क्षाराचा थर बसला की आतली उष्णता बाहेर यायला जास्त तापमान लागतं, त्यामुळे नळीचा पृष्ठभाग आणि आतली तार जास्त तापतात. पण विजेतून येणारी उष्णता तेवढीच राहते आणि पाण्याशिवाय तिला जायला दुसरी जागा नाही. नायक्रोम तारेचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, त्यामुळे करंटही जवळपास तेवढाच. क्षाराने एलिमेंट लवकर जळतो, तो साफ करायलाच हवा, पण साफ केल्यावर टाकी लवकर तापेल ही अपेक्षा ठेवू नका. एकच अपवाद: एलिमेंटला अतितापमानाचा कटआउट असेल आणि थरामुळे तो मधूनमधून उडत असेल, तर वेळ वाढतो.

७.२ ला ९ ने भागलं तर ०.८ येतं. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, आणि ०.८ चं वर्गमूळ ०.८९. म्हणजे व्होल्टेज पाटीवरच्या आकड्यापेक्षा ११ टक्के कमी मिळतंय असा अंदाज निघतो. एलिमेंटवर २४० व्होल्ट लिहिलं असेल तर टर्मिनलवर २१५ च्या आसपास मिळत असावं. २३० लिहिलं असेल तर २०५ च्या. हे मोजायचं ते हीटर चालू असताना, आणि हीटरच्या टर्मिनलवर. पॅनलवर, तेही हीटर बंद ठेवून मोजलेलं व्होल्टेज इथे कामाचं नाही. पॅनलवर २३५ आणि टर्मिनलवर २१५ मिळालं तर दोष मधल्या केबलमध्ये किंवा सैल जोडात आहे. पॅनलवरच कमी असेल तर पुरवठ्यात.

तीनपैकी एक एलिमेंट जळला असेल अशी शंका सगळ्यात आधी येते. तुमचे आकडे त्याच्याशी जुळत नाहीत. डेल्टा जोडणीत एक एलिमेंट गेला तर दोन-तृतीयांश पॉवर उरते, म्हणजे ६ किलोवॅट. स्टार जोडणी असून न्यूट्रल जोडलेला असला तरीही ६. स्टार असून न्यूट्रल नसेल तर उरलेले दोघे दोन फेजमध्ये एकामागे एक येतात आणि पॉवर थेट निम्मी होते, साडेचार. तुमच्या टाकीची ७० अंशांवरची गळती साधारण ४.१ किलोवॅट आहे. साडेचारच्या हीटरवर ती सत्तरच्या आसपास येऊन घुटमळत राहिली असती, पोचायला अर्धा दिवस लागला असता. आणखी एक फसवी चूक असते: ४१५ व्होल्टचे एलिमेंट डेल्टाऐवजी स्टारमध्ये जोडले तर पॉवर एक-तृतीयांशावर येते. तुमचं तेही नाही, पण नवीन हीटर बसवताना वायरमनला पाटी वाचून जोडायला सांगा.

क्लॅम्प मीटर असेल तर दोन मिनिटांत खात्री होते. ४१५ व्होल्टवर ९ किलोवॅटला तिन्ही फेजमध्ये प्रत्येकी साडेबारा अँपिअर दिसायला हवेत. तिन्ही सारखे पण कमी असतील, अकराच्या आसपास, तर व्होल्टेज कमी. एक फेज शून्यावर किंवा तिन्हींत मोठा फरक असेल तर एलिमेंट किंवा फ्यूज गेलाय. कटआउट मधूनमधून उडतोय का हे मात्र क्षणभराच्या रीडिंगमधून कळत नाही. त्यासाठी या हीटरच्या लाइनवर वेगळा मीटर असेल तर तासाभरात किती युनिटं पडतात ते लिहून ठेवा; तासाला ७.२ युनिटं म्हणजे सरासरी ७.२ किलोवॅट. मीटरवर युनिटमागे दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं असतं, त्यावरूनही मोजता येतं.

आता वेळेचा हिशेब. उघड्या टाकीची गळती सरळ रेषेत वाढत नसल्यामुळे मी एका सूत्रात उत्तर काढायच्या फंदात पडत नाही. दहा-दहा अंशांचे टप्पे करतो, प्रत्येक टप्प्याच्या मधल्या तापमानाची गळती धरतो, आणि त्या टप्प्यापुरता साधा भागाकार करतो.

```
Δt = C · ΔT / (P − Q)
```

तुमच्या टाकीसाठी हे असं येतं:

| टप्पा (अंश) | गळती (किवॅ) | ७.२ किवॅवर | ९ किवॅवर |
|---|---|---|---|
| २५–३० | ०.२५ | २६ मि. | २० मि. |
| ३०–४० | ०.७ | ५५ मि. | ४३ मि. |
| ४०–५० | १.४ | ६२ मि. | ४७ मि. |
| ५०–६० | २.३ | ७३ मि. | ५३ मि. |
| ६०–७० | ३.४ | ९४ मि. | ६४ मि. |

७.२ किलोवॅटची बेरीज ५ तास १० मिनिटं होते आणि तुमचा अनुभव सव्वापाचचा. हीटर पाटीप्रमाणे ९ किलोवॅट चालला असता तर पावणेचार तास लागले असते. तुमच्या कागदावरचे तीन तास मात्र या टाकीला ९ किलोवॅटवर कधीच मिळाले नसते. म्हणजे सव्वादोन तासांच्या तुटीतला पाऊण तास गळतीचा आणि जवळपास दीड तास कमी व्होल्टेजचा.

दीड तासाचा आकडा दिसायला मोठा वाटतो, कारण व्होल्टेजने फक्त २० टक्के पॉवर कमी केली आहे. पण पाणी तापतं ते हीटर आणि गळती यांच्यामधल्या फरकावर. ६५ अंशांवर गळती ३.४ आहे. नऊमधून ती वजा केली तर ५.६ उरतात, ७.२ मधून ३.८. हीटर पाचवा हिस्सा कमी झाला, पण पाण्याच्या वाट्याला आलेलं तिसऱ्या हिश्श्याने घटलं. टाकी जितकी गरम, तितका हा मार जास्त. म्हणूनच शेवटचे दहा अंश तुम्हाला संपतच नाहीत असं वाटतं.

शेवटचा टप्पा रेंगाळायचं आणखी एक कारण असू शकतं, ते मोजणीआधी बाजूला काढा. कंट्रोलर पीआयडी, म्हणजे ठरवलेलं तापमान जवळ आलं की हीटर थोडाथोडा कमी करणारा असेल आणि त्याचा प्रोपोर्शनल बँड १० अंश ठेवलेला असेल, तर ६० च्या पुढे हीटर पूर्णवेळ चालतच नाही. ६९ अंशांपर्यंत हीटरचा दिवा सलग पेटलेला राहतो का ते पाहा. तुमच्या वेळा या कारणाशिवायच जुळतात, त्यामुळे बहुधा ते नसावं.

गळतीचा अंदाज ताडून घ्यायची पद्धत अशी. टाकी ७० वर आली की हीटर बंद करा, ढवळणी चालू ठेवा, धुवायचे जॉब आत घालू नका. ७० वरून ६५ वर यायला किती वेळ लागतो ते लिहा. वरचे आकडे बरोबर असतील तर पाऊण तासाच्या जरा वर, ४८ मिनिटांच्या आसपास यायला हवं. ते पाच अंश म्हणजे १०,७०० किलोज्यूल. त्यांना सेकंदांनी भागा, साडेसदुसष्ट अंशांवरची गळती थेट किलोवॅटमध्ये मिळेल. तीस मिनिटांतच उतरलं तर गळती माझ्या अंदाजाच्या दीडपटीहून जास्त आहे, आणि मग हूडकडे किंवा पंख्याकडे बघा. टाकी तशीच निवू द्या आणि ५० वरून ४५ ची वेळही लिहा. गळती फक्त भिंतींची असती तर ही वेळ पहिल्या वेळेच्या १.९ पट आली असती. वाफेचा वाटा मोठा असला की सव्वादोन पट किंवा जास्त येते. ढवळणी चालू ठेवायची अट विसरू नका. ती बंद केली की कडेचं पाणी आधी निवतं, मधलं गरम राहतं, आणि आकडे निरुपयोगी होतात.

वाफ वेगळी मोजायची तर त्याहून सोपं. ७० वर धरून ठेवलेल्या टाकीत स्टीलची पट्टी उभी धरा आणि तासाभरात पातळी किती मिलिमीटर उतरते ते पाहा. एक चौरस मीटर पृष्ठभागातून तासाला एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर पाणी, आणि ते उडवायला ०.६५ किलोवॅट लागतो. तुमच्या टाकीत पातळी तासाला ५ मिलिमीटरच्या थोडी वर उतरायला हवी. म्हणजे पावणेचार लिटर पाणी आणि सुमारे २.४ किलोवॅट. ७० अंशांवरच्या ४.१ किलोवॅट गळतीतला निम्म्याहून जास्त वाटा हा एकट्या वाफेचा.

यावरून उपाय उघड आहे. झाकण. पत्र्याचं साधं, दोन भागांत उघडणारं झाकण ठेवलं की वाफ जवळपास थांबते आणि वरून जाणारी गळती भिंतीसारखी होते, दर अंशाला ५ वॅट. भिंतींचे २८ धरून ३३. आता गळती सरळ प्रमाणात आहे, त्यामुळे टप्पे पाडायची गरज नाही, पाठ्यपुस्तकातलं सूत्र चालतं:

```
t = (C/K) · ln[(P − K·θ1) / (P − K·θ2)]
```

यात `K` म्हणजे दर अंशाची गळती आणि `θ` म्हणजे टाकी व बाहेरची हवा यांतला फरक. तुमच्यासाठी `C/K` १८ तास येतो. सुरुवातीचा फरक शून्य, शेवटचा ४५. त्याच ७.२ किलोवॅटच्या हीटरवर:

```
t = 18 · ln[7200 / (7200 − 33·45)] = 18 · 0.231 ≈ 4.2 h
```

म्हणजे सव्वाचार तासांच्या आत. नुसत्या झाकणाने एक तास वाचला, हीटरला हातही न लावता. व्होल्टेज दुरुस्त करून ९ किलोवॅट मिळाले तर हेच सव्वातीन तासांवर येतं. वर भिंतींना ५० मिमी रॉकवूल आणि त्यावर पत्रा लावला, तर तुमच्या मूळ तीन तासांच्या आकड्याच्या अगदी जवळ जाल.

या सूत्राचा एक सापळा आहे. ते उघड्या टाकीला वापरून, ५० अंशांवर मोजलेल्या गळतीवरून `K` काढला, तर ७० ची वेळ हमखास कमी येते. ८० साठी तर फारच. ज्या तापमानाला जायचं आहे त्याच्या जवळची गळती मोजलेली नसेल तर सूत्र बंद झाकणाच्या टाकीपुरतंच ठेवा.

आता १२ किलोवॅटचं बघू. त्याच कमी व्होल्टेजवर तो ९.६ देईल, आणि उघडी टाकी साडेतीन तासांत तापेल. म्हणजे वेळ वाचतो, हे खरं. पण व्होल्टेज केबलमध्ये पडत असेल तर जास्त करंटने ते आणखी पडेल, आणि तुम्हाला ९.६ सुद्धा मिळणार नाहीत. ४१५ व्होल्टवर १२ किलोवॅटला प्रत्येक फेजमध्ये १६.७ अँपिअर लागतात. सध्याची केबल, काँटॅक्टर आणि एमसीबी त्याला पुरतात का ते आधी पाहायला हवं. शिवाय मोठा हीटर गळती कमी करत नाही. टाकी ७० वर आली की ती धरून ठेवायला उघडेपणी तासाला ४.१ युनिटं लागतात, मग हीटर कितीचाही असो. आठ तासांच्या पाळीत ३३ युनिटं. झाकण सतत बंद राहिलं तर तीच १२ होतात. काम घालताना झाकण उघडावंच लागेल, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येईल. झाकण सतत उघडझाप करणं जमत नसेल तर पृष्ठभागावर तरंगणारे पोकळ प्लॅस्टिकचे गोळे टाकतात. ते झाकणाएवढं काम करत नाहीत, पण जॉब आत-बाहेर करताना आपोआप बाजूला होतात. गोळे ८० अंशांना आणि तुमच्या केमिकलला टिकणारे, पॉलीप्रोपिलीनचे घ्या.

म्हणून माझा क्रम असा राहील: आधी टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि जोड, मग झाकण, मग भिंतींचं इन्सुलेशन. एवढं करूनही पाळी सुरू व्हायच्या आत टाकी तयार होत नसेल तरच मोठा हीटर.

ढवळणीबद्दल एक सूचना. काही ठिकाणी पंप किंवा पंखा न लावता तळातून ब्लोअरची हवा सोडून पाणी ढवळतात. थंड टाकीला ते ठीक. ७० अंशांवर मात्र प्रत्येक बुडबुडा वाफेने भरून बाहेर पडतो. तासाला १० घनमीटर हवा सोडली, जी फार नाही, तरी तीन लिटरच्या वर पाणी आणि जवळपास दोन किलोवॅट उष्णता तिच्यासोबत जाते. झाकण ठेवूनही ती जायची थांबत नाही, कारण हवेला बाहेर पडायला वाट ठेवावीच लागते. तुमची फिरणारी ढवळणी आहे, ती तशीच ठेवा; फक्त पृष्ठभागावर भोवरा किंवा लाटा उठणार नाहीत एवढी खोल आणि सावकाश.

वरचे सगळे आकडे रिकाम्या, म्हणजे जॉब न घातलेल्या टाकीचे आहेत. ५० किलो लोखंडी जॉबची बास्केट २५ अंशांवरून ७० वर यायला साधारण ११०० किलोज्यूल घेते. त्याने टाकीचं तापमान जेमतेम अर्ध्या अंशाने उतरतं. तासाला दोन-चार बास्केट असतील तर फरक पडत नाही; दर पाच मिनिटांना एक असेल तर त्याचेच पावणेचार किलोवॅट होतात आणि ७.२ चा हीटर उघड्या टाकीला धरून ठेवू शकणार नाही.

सुरुवातीचं तापमानही वर्षभर २५ राहत नाही. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी टाकीतलं पाणी १५ अंशांवर सापडलं तर ते २५ वर आणायलाच ७.२ किलोवॅटवर ५० मिनिटं जातात. हवाही थंड असल्यामुळे भिंतींची गळती वाढते. टायमरवर पहाटे हीटर चालू करायचा विचार असेल तर हिवाळ्यासाठी एक तास आधीची वेळ लावा. टायमर लावण्याआधी मात्र कमी पातळीचा फ्लोट स्विच बसवा, आणि तो हीटरच्या काँटॅक्टरशी जोडलेला असू द्या. उघडी टाकी ७० वर दोन पाळ्या चालली तर पातळी आठ सेंटिमीटर उतरते. पहाटे कोणी नसताना एलिमेंटचं डोकं पाण्याबाहेर असेल तर तो काही मिनिटांत जळतो. ढवळणीचं इंटरलॉकही त्याच काँटॅक्टरवर घ्या, म्हणजे ढवळणी अडकली तर हीटर एकटा चालत राहणार नाही.

टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि ७० ते ६५ ची निवण्याची वेळ मोजलीत की इथे टाका. त्या दोन आकड्यांवर तुमच्या टाकीचा तक्ता पुन्हा मांडून देता येईल.